बोलायची अरबी एक, ऐकायच्या अनेक

मुंबईहून रियाधला जाणारं विमान साधारण चार तासांत उतरतं. पुढे लांबच लांब मार्गिका चालून गेलं की पाट्यांवर इंग्रजीच्या वर एक अरबी शब्द दिसू लागतो: अल-जवाझात. जवाझ म्हणजे पासपोर्ट आणि जवाझात हे त्याचं अनेकवचन. सौदीत पासपोर्ट तपासणाऱ्या सरकारी खात्यालाच लोक ‘जवाझात’ म्हणतात. काचेच्या खिडकीमागे बसलेला अधिकारी या खात्याचा असतो.

तिथे बहुतेक वेळा इंग्रजीत भागतं, हे आधीच सांगून टाकावं. तरी गर्दीच्या वेळी, छोट्या विमानतळावर, किंवा कागदात काही शंका निघाली की अधिकारी अरबीवर येतो. मग घरी पुस्तकातून पाठ केलेला संवाद उपयोगी पडेल असं वाटतं, पण तो अर्धाच पडतो. पुस्तकातली अरबी ही फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी असते. बातम्या, सरकारी अर्ज, मशिदीतलं प्रवचन, शाळेची पुस्तकं हे सगळं फुस्हात चालतं. पण मोरोक्कोपासून ओमानपर्यंत घरात किंवा बाजारात कुणी फुस्हा बोलत नाही. तिथे आपापली आम्मिया, म्हणजे बोली चालते. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली एकाच समाजातल्या अशा दोन थरांच्या भाषाव्यवहारावर प्रसिद्ध लेख लिहिला. त्यातल्या ठळक उदाहरणांपैकी एक अरबीचं होतं.

पासपोर्टच्या खिडकीवर याचा अर्थ सरळ आहे. तुम्ही फुस्हात उत्तर दिलंत तर प्रत्येक अरब अधिकाऱ्याला ते कळेल, कारण तो शाळेत तीच शिकलेला असतो. तो प्रश्न मात्र स्वतःच्या बोलीत विचारणार. म्हणून बोलायला एक अरबी शिकायची आणि कान तीन-चार बोलींसाठी तयार ठेवायचे, हाच व्यवहार्य मार्ग.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्याच्या एक बाई मुलाकडे रियाधला निघाल्या आहेत. पासपोर्टवर नाव सुनीता प्रकाश पाटील, हातात कौटुंबिक भेटीचा व्हिसा आणि परतीचं तिकीट. अधिकारी पुस्तकातल्यासारखी शुद्ध फुस्हा बोलला तर संवाद असा होईल. अरबी शब्दांतला झ ‘झाड’मधला वाचायचा.

अधिकारी: अस्सलामु अलैकुम. (नमस्कार.)

सुनीताबाई: व अलैकुमुस्सलाम.

अधिकारी: जवाझुस्सफर, मिन फद्लिकि. (पासपोर्ट द्या, कृपया.)

सुनीताबाई: तफद्दल. (घ्या.)

अधिकारी: मा इस्मुकि? (तुमचं नाव काय?)

सुनीताबाई: इस्मी सुनीता. (माझं नाव सुनीता.)

अधिकारी: मिन ऐन अंति? (तुम्ही कुठल्या?)

सुनीताबाई: अना मिनल-हिंद. (मी भारतातली.)

अधिकारी: मा सबबुझ्-झियारा? (येण्याचं कारण?)

सुनीताबाई: झियारा आइलिय्या. इब्नी यअमलु हुना. (कौटुंबिक भेट. माझा मुलगा इथे नोकरी करतो.)

अधिकारी: कम यौमन सतब्कैन? (किती दिवस राहणार?)

सुनीताबाई: शहरैन. (दोन महिने.)

अधिकारी: ऐन सतुकीमीन? (कुठे उतरणार?)

सुनीताबाई: इंद इब्नी, फिर्-रियाद. (मुलाकडे, रियाधमध्ये.)

अधिकारी: हल मअकि तध्किरतुल्-औदा? (परतीचं तिकीट आहे का?)

सुनीताबाई: नअम, मई. (हो, आहे.)

अधिकारी: दई असाबिअकि हुना. उन्झुरी इलल्-कामेरा. (बोटं इथे ठेवा. कॅमेऱ्याकडे बघा.)

अधिकारी: इंतझिरी लहझा. (क्षणभर थांबा.)

अधिकारी: तफद्दली. अहलन व सहलन. (घ्या. या, स्वागत आहे.)

सुनीताबाई: शुक्रन.

वाचताना मराठी माणसाचा कान दोन-तीनदा तरी टवकारतो. ‘इस्म’ म्हणजे नाव. पोलिसांच्या पंचनाम्यातला ‘इसम’ इथूनच आला. ‘सबब’ आपल्याकडे सांगायची गोष्ट झाली, अरबीत तिचा अर्थ साधं कारण एवढाच. व्याकरणातही ओळखीच्या जागा आहेत. ‘मी भारतातली’ म्हणताना अरबीत ‘आहे’ लागत नाही: अना मिनल-हिंद. ‘तिकीट आहे’ म्हणायला इंग्रजीसारखं वेगळं क्रियापद नाही. ‘मई’ म्हणजे ‘माझ्याबरोबर’, आणि आपल्या ‘माझ्याजवळ आहे’सारखं ते चालतं.

लिंगाकडे मात्र नीट बघायला हवं. मराठीत बोलणारी बाई ‘मी आले’ म्हणते आणि पुरुष ‘मी आलो’. अरबीत प्रथमपुरुषी क्रियापद दोघांसाठी एकच असतं, बदल होतो तो समोरच्याला बोलताना. वरच्या संवादात अधिकारी बाईंशी बोलतोय म्हणून इस्मुकि, अंति, सतब्कैन, दई, उन्झुरी आणि तफद्दली आलं. पुरुषाला तो इस्मुक, अंत, सतब्का, दअ, उन्झुर आणि तफद्दल म्हणेल. बाईंनी पासपोर्ट पुढे करताना मात्र ‘तफद्दल’च म्हणायचं, कारण समोर पुरुष बसलाय. बाजूच्या खिडकीत बाई अधिकारी असेल तर ‘तफद्दली’. पुस्तकी संवाद बहुधा पुरुषांच्या तोंडी असतात आणि बायका तेच रूप पाठ करून जातात. ते चालून जातं, कुणी हसत नाही. पण स्वतःला विचारलेला प्रश्न ओळखता यायला हवा आणि त्यासाठी शेवटचा स्वर ऐकावा लागतो.

‘शहरैन’ला थोडं थांबू. शहर म्हणजे अरबीत महिना. गावाशी त्याचा संबंध नाही. एक महिना शहर, दोन महिने शहरैन, तीन महिने सलासतु अश्हुर. अरबीत संस्कृतसारखं द्विवचन आहे आणि ते रोजच्या बोलण्यातही टिकून आहे. दोन आठवडे उस्बूऐन, दोन दिवस यौमैन. दोनसाठी ‘दोन’ हा आकडा उच्चारायची गरजच नाही. तीन ते दहापर्यंत अनेकवचन येतं: अशरतु अय्याम, दहा दिवस. अकराच्या पुढे पुन्हा एकवचन: खम्सत अशर यौमन, पंधरा दिवस. हे अवघड वाटत असेल तर एक सोपी वाट आहे. आकडा सांगा आणि पुढे ‘यौम’ म्हणा. व्याकरण चुकेल, अर्थ चुकणार नाही. वीसच्या पुढे तर मराठी माणसाला आणखी सोपं, कारण पंचवीसला अरबीत ‘खम्सा व इश्रीन’ म्हणतात: आपल्या पंच-वीससारखं आधी पाच आणि मग वीस.

आता बोलींकडे वळू. समोर पिढीजात रियाधचा अधिकारी बसलेला असेल तर ‘मा इस्मुकि’ हे शब्द तो बहुतेक वेळा उच्चारणारच नाही. तो म्हणेल ‘विश इस्मिक’, आणि जुन्या नजदी वळणाचा असेल तर ‘विश इस्मिच’. नजद म्हणजे रियाधभोवतीचा मधला प्रदेश. इथे बाईला उद्देशून येणाऱ्या ‘कि’चा ‘त्स’ होतो, आपल्या ‘चमचा’तला च. तोच ‘कि’ कुवेत, बहारीन आणि इराकमध्ये ‘चिमणी’तला च होतो: ‘शिस्मिच’. अरब व्याकरणकारांनी शेकडो वर्षांपूर्वी हे फरक टिपले आणि त्यांना कस्कसा आणि कश्कशा अशी नावं दिली. मराठीत दोन्ही च रोज वापरात असल्यामुळे आपल्या कानाला ते वेगळे ऐकू येतात. बऱ्याच परदेशी विद्यार्थ्यांना ही सोय नसते.

काहिरात तोच प्रश्न ‘इस्मिक ए’ असा येतो, पुरुषाला ‘इस्मक ए’. हा शब्दक्रम आपल्याला घरचाच वाटतो: नाव तुमचं काय? मिसरी बोलीत प्रश्नार्थक शब्द बऱ्याचदा वाक्याच्या शेवटी जातो. ‘राय्हा फेन’, म्हणजे निघालात कुठे? ‘गाय्या लेह’, म्हणजे आलात का? उलट अम्मान किंवा दमास्कसमध्ये तो पुढे येतो: ‘शू इस्मिक’. मोरोक्कोत ‘श्नू स्मीतेक’, आणि तिथे बाई-पुरुष असा फरकच नाही, दोघांनाही ‘स्मीतेक’. चारही ठिकाणी मधला स-म ऐकू येतो. तो धरला की नाव विचारलंय हे कळतं. आजूबाजूचे विश, श, शू, श्नू, ए यांचा अर्थ एकच: ‘काय’.

हीच युक्ती पुढच्या प्रश्नाला लावून बघा. ‘मिन ऐन अंति’चं रियाधमध्ये ‘मिन वेन जाया’ होतं, काहिरात ‘मिनेन’, मोरोक्कोत ‘मनीन’. म-न-न कानावर आलं की ‘मिनल-हिंद’ म्हणायचं. येण्याचं कारण विचारताना मात्र पुस्तकातलं ‘मा सबबुझ्-झियारा’ कुठल्याच बोलीत सहजासहजी येत नाही. रियाधमध्ये ‘लेश जाया’, काहिरात ‘गाय्या लेह’, कासाब्लांकात ‘अलाश जीती’. शब्दशः अर्थ ‘कशाला आलात?’ आपल्याकडे दारात आलेल्या पाहुण्याला असं कुणी विचारलं तर तो परत फिरेल. इथे त्यात राग नाही, तिरकसपणाही नाही, तो नेहमीचा प्रश्न आहे. चेहऱ्यावर काही न आणता ‘झियारा’ म्हणायचं. हा शब्द सगळीकडे तोच आहे.

काहिराच्या ‘गाय्या’त एक फरक लपलाय तोही सांगायला हवा. पुस्तकातल्या ज चा काहिरात ग होतो. त्यामुळे पासपोर्ट तिथे ‘गवाझ’. मिसरी बोलीत लग्नालाही गवाझच म्हणतात. खिडकीवर विचारलेला गवाझ अर्थातच पासपोर्ट असतो, आणि घोटाळा टाळायला बरेच मिसरी ‘बस्बोर’ म्हणून मोकळे होतात. कुवेत-बहारीनकडे उलटा प्रकार, ज चा य: यवाझ. तसंच घशातून येणाऱ्या क चं. फुस्हात तो क, आखातात ग, काहिरा आणि दमास्कसच्या शहरी बोलीत तो जवळजवळ गळूनच पडतो, त्याच्या जागी घशात एक छोटासा अडखळ उरतो. हे लक्षात असलं की पुढचा प्रश्न उलगडतो.

‘कम यौमन सतब्कैन’ यातलं ‘बका’, म्हणजे राहणं, हे बोलींत मागे पडतं आणि त्याच्या जागी ‘बसणं’ येतं. फुस्हात बसणं ‘कअद’. रियाधचा अधिकारी विचारतो, ‘कम यौम बतगइदीन’, किती दिवस बसणार? क चा ग झालाय. जेद्दाहचा हिजाझी अधिकारी दुसरंच ‘बसणं’ वापरतो: ‘कम यौम हतिज्लिसी’. काहिरात ‘हतुउदी अद्दे ए’, तिथे तोच कअद आहे पण क गळालेला. अम्मानला ‘अद्देश रह तिब्ई’, इथे मूळ ‘बका’ टिकलाय, क मात्र गेलाय. मोरोक्कोत ‘श्हाल ग़ादी तब्काय’. ‘कम’, ‘अद्दे’, ‘अद्देश’, ‘श्हाल’ म्हणजे किती. क्रियापद कळलं नाही तरी ‘किती’ ओळखू आला की बाईंनी ‘शहरैन’ म्हणायचं. बोलींत त्याचा उच्चार ‘शहरेन’ होतो, पण शहरैन म्हटलेलं सगळीकडे समजतं.

बोटांचे ठसे घेताना बोली आपल्या बाजूने उभी राहते. पुस्तकातलं ‘दई’, म्हणजे ठेवा, बोलींत ऐकू येत नाही. मोरोक्कोपासून आखातापर्यंत ठेवायला ‘हुत्त’ म्हणतात, बाईला ‘हुत्ती’. एकच शब्द शिकायचा असेल तर हा शिका. बघायला बहुतेक ठिकाणी ‘शूफ’, बाईला ‘शूफी’, फक्त काहिरात ‘बुस्स’, ‘बुस्सी’. ठशाला ‘बस्मा’ म्हणतात. तो काचेवर नीट उमटला नाही तर ‘मर्रा सान्या’ किंवा ‘कमान मर्रा’ असं काहीसं येईल, म्हणजे पुन्हा एकदा. खाणाखुणा असतातच.

इथवर शब्द समजला नाही तर फार तर थोडा वेळ जातो. पुढच्या तीन जागी मात्र चुकीचं उत्तर दिलं तर पंचाईत होते.

पहिली जागा ‘इकामा’. फुस्हात इकामा म्हणजे मुक्काम, आणि मराठीतला ‘मुक्काम’ही त्याच धातूतला आहे. पुस्तकात ‘इकामा सईदा’ म्हणजे मुक्काम सुखाचा होवो. पण आखातात नुसता ‘इकामा’ म्हणजे राहण्याचा सरकारी परवाना, नोकरीवर असलेल्या परदेशी माणसाकडे असतं ते कार्ड. अधिकारी ‘इंदिक इकामा’ असं विचारतो तेव्हा त्याला ‘किती दिवस मुक्काम’ हे विचारायचं नसतं. तुमच्याकडे रहिवासी कार्ड आहे का, हे विचारायचं असतं. सुनीताबाईंनी यावर ‘शहरैन’ म्हटलं तर अधिकारी गोंधळतो, आणि ‘नअम’ म्हटलं तर कार्ड मागतो. योग्य उत्तर: ‘ला, इंदी झियारा. अल-इकामा इंद इब्नी.’ म्हणजे, नाही, माझा भेटीचा व्हिसा आहे, इकामा मुलाकडे आहे. दोन्ही अर्थ वेगळे कसे ओळखायचे? प्रश्नात ‘इंदिक’ किंवा ‘मअकि’, म्हणजे ‘तुमच्याकडे’, असेल तर कार्ड. ‘कम’ किंवा ‘मुद्दत’ असेल तर दिवस. मुद्दत म्हणजे आपली मुदतच.

दुसरी जागा ‘अमल’, म्हणजे काम. कामानिमित्त दोन दिवसांसाठी आलेला माणूस कौतुकाने ‘अमल’ म्हणतो. अधिकाऱ्याला मात्र ऐकू येतं की हा भेटीच्या व्हिसावर नोकरी करायला आलाय. बैठकीला आलेल्याने ‘इज्तिमाअ’ म्हणावं, म्हणजे सभा किंवा बैठक. बाईंच्या उत्तरात ‘इब्नी यअमलु’ आहे, त्यात ‘इब्नी’ स्पष्ट आणि आधी उच्चारणं महत्त्वाचं. काम करतो तो मुलगा. प्रश्न बोलीत ‘सियाहा वल्ला शुग़्ल’ असा येऊ शकतो, पर्यटन की काम. दोन्ही नसेल तर ‘झियारा’ म्हणून मोकळं व्हावं. दिलेल्या दोन पर्यायांतून एक निवडायलाच हवा, अशी सक्ती नसते.

तिसरी जागा नावाची, आणि ती महाराष्ट्रातल्या बायकांना खास लागू पडते. अरबी पद्धतीत पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं आणि घराण्याचं. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. आपल्याकडेही स्वतःचं नाव, मधलं नाव आणि आडनाव अशी रचना आहे, त्यामुळे अरब अधिकाऱ्याला मराठी नाव पाहून अगदी ओळखीचं वाटतं, आणि तिथेच घात होतो. ‘सुनीता प्रकाश पाटील’ वाचून तो प्रकाश हे वडिलांचं नाव धरतो. मग ‘इस्मुल-अब’, म्हणजे वडिलांचं नाव, विचारल्यावर बाई दुसरंच काही सांगतात आणि त्याला कागद जुळत नाहीत असं वाटतं. उत्तर सोपं आहे: ‘प्रकाश इस्मु झौजी’, प्रकाश हे माझ्या नवऱ्याचं नाव. आणि लगेच ‘इस्मु अबी’ म्हणून वडिलांचं नाव सांगायचं. आईवडिलांची आणि जोडीदाराची नावं असलेलं पासपोर्टचं शेवटचं पान उघडून दाखवलं तर बोलायचीही गरज पडत नाही. त्यात भर अशी की अरबी लिपीत प नाही, तिथे ब लिहितात. पडद्यावर बाई ‘सुनीता ब्रकाश बातील’ झालेल्या असतात. त्याच नावाने हाक मारली तर ‘नअम’ म्हणायचं, हीच ती हाक.

बोली ओळखण्यात आणखी एक गडबड आहे. आखातातले बरेच जण दक्षिण आशियाई माणूस दिसला की आपली नेहमीची बोली सोडून एक मोडकीतोडकी अरबी बोलू लागतात. पन्नासेक वर्षांत मल्याळी, बंगाली, पाकिस्तानी कामगार आणि अरब मालक यांच्यात ती घडत गेली. जे. आर. स्मार्ट यांनी 1990 साली तिच्यावर पहिला अहवाल प्रसिद्ध केला. तिच्यात काळ नाही, लिंग नाही. बाईलाही ‘अंता’ म्हणतात आणि ‘फी’ हा शब्द ‘आहे’पासून ‘करतो’पर्यंत कुठेही बसतो. ‘अंता कम शहर फी?’ असं कानावर पडलं तर ती ही मिश्र बोली. समोरचा सोपं करून सांगतोय असं त्याला वाटतं, फुस्हा शिकलेल्याला मात्र ते सगळ्यात अवघड जातं. माझं मत असं की उत्तर त्या बोलीत देऊ नये. दोन शब्दांचं फुस्हा उत्तर त्यालाही कळतं आणि नंतर गोंधळही होत नाही. अगदीच काही कळेना तर ‘ला अफ्हम. बिल्-फुस्हा, लौ समह्त’ म्हणावं: कळलं नाही, कृपया फुस्हात सांगा. किंवा नुसतं ‘श्वय्या श्वय्या’, म्हणजे हळूहळू, असं म्हणावं. हे सगळीकडे चालतं.

मुलाच्या वयाचा अधिकारी सुनीताबाईंना कदाचित ‘या खाला’ म्हणेल, म्हणजे मावशी. कोकणातल्या मुस्लिम घरांतही हाच शब्द चालतो. काहिरात वयस्कर बाईला सरसकट ‘या हाग्गा’, म्हणजे हज केलेली, म्हणतात, मग ती कुठल्याही धर्माची दिसो. दोन्ही आदरार्थी आहेत. त्यावर ‘मी हज केलेली नाही’ असा खुलासा करू नये. आणि ‘इस्तन्नी’ म्हटलं तर थांबायचं, ‘तआली’ म्हटलं तर त्याच्यामागे जायचं. दुसऱ्याचा अर्थ बहुधा असा की कागद बाजूच्या खोलीत बघितले जाणार आहेत. तिथे ‘मुतर्जिम’, म्हणजे दुभाषी, मागायला लाजू नये.

सगळं पार पडल्यावर पासपोर्ट हातात येतो आणि त्यावर तारखेचा शिक्का असू शकतो. आखातात आणि मिसरात ज्या अंकांत तारीख लिहितात त्यांना अरब लोक ‘अर्काम हिंदिय्या’, म्हणजे हिंदी अंक म्हणतात. पण मराठी डोळ्याला ते फसवतात. त्यांचा पाच दिसायला हुबेहूब आपल्या शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. एकशेजारी गोल दिसला तर तो दहा नसून पंधरा असतो. मोरोक्कोत हा प्रश्न येत नाही, तिथे इंग्रजीसारखेच अंक वापरतात.

सौदी व्हिसाच्या कागदावर ‘मुद्दतुल-इकामा’ अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर दिवसांचा आकडा. इथे इकामा मुक्कामाच्याच अर्थाने आहे. ही मुदत आणि व्हिसा कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल ती मुदत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुनीताबाईंच्या कागदावर नव्वद असेल तर ‘शहरैन’ हे उत्तर बरोबर आणि तीस असेल तर चूक, मग अरबी कितीही शुद्ध असो. म्हणून विमानात बसण्याआधी त्या ओळीचा आकडा बघून ठेवा, मुलाच्या इकाम्याचा नंबर आणि फोन एका कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा, आणि उत्तर पाठ करायचं असेल तर त्या आकड्याच्या आतलंच पाठ करा.